गॅझेटिअरमधला सोलापूर जिल्हा नेमका कोणता?

हैदराबाद गॅझेटची चर्चा सुरू झाल्यापासून ‘गॅझेटमध्ये आहे’ म्हटलं की वाद मिटला, असा समज पसरलाय. मुळात गॅझेट म्हणजे राजपत्र आणि गॅझेटिअर म्हणजे दर्शनिका. राजपत्रात सरकारी आदेश छापतात. दर्शनिकेत जिल्ह्याची माहिती संकलित केलेली असते.

सोलापूरची जुनी दर्शनिका 1884 ची, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. त्यात जिल्ह्याचं क्षेत्रफळ 4521 चौरस मैल आणि 1881 ची लोकसंख्या 5,82,487 दिली आहे. आज जिल्हा 14,895 चौरस किलोमीटर आहे. जुन्या लोकसंख्येला आजच्या क्षेत्रफळाने भागलं, तर चौरस किलोमीटरमागे 39 माणसं येतात. पण 4521 चौरस मैल म्हणजे सुमारे 11,709 चौरस किलोमीटर. त्याने भागलं की आकडा 50 च्या घरात जातो. एवढा फरक पडतो, कारण तेव्हा जिल्ह्यात सातच तालुके होते: करमाळा, बार्शी, माढा, सोलापूर, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस. अक्कलकोट हे वेगळं संस्थान होतं आणि मंगळवेढा पटवर्धनांकडे.

म्हणून तुलना जिल्ह्याची न करता तालुक्याची करावी, आणि जमेल तिथे गावांच्या यादीवरून. तालुक्याचं नाव तेच राहून हद्द सरकलेली असू शकते. तेव्हाचा एक सोलापूर तालुका आज उत्तर आणि दक्षिण असा दोन झालाय.

जमिनीच्या तक्त्यात आणखी एक फसगत होते. खातेदारांच्या नावावरची जमीन आणि त्या वर्षी पेरलेली जमीन हे दोन वेगळे रकाने आहेत, कारण नावावरच्या जमिनीत पडीकही येते. शिवाय दुबार पिकाचं क्षेत्र पेऱ्याच्या बेरजेत दोनदा मोजलं जातं. हे वजा केल्याशिवाय ‘तेव्हा किती जमीन कसत होते’ हे सांगता येत नाही. आजच्या उसाची मुळं मात्र तिथे शोधू नयेत. उजनी धरण 1980 चं, आणि सुधारित दर्शनिकाही त्याआधीची, 1977 ची.

पावसाचे आकडे इंचात आहेत, म्हणून 25.4 ने गुणून मिलिमीटर करावेत. खरी अडचण सरासरीची आहे. समजा, नऊ वर्षं 26 इंच पाऊस झाला आणि एका वर्षी 10 इंचच. सरासरी येते 24.4, म्हणजे प्रत्यक्षात एकाही वर्षी न पडलेला पाऊस. 1876 च्या दुष्काळासारखं वर्ष दहा वर्षांच्या सरासरीत आलं की ती अशीच खाली ओढली जाते. त्यामुळे सरासरी किती वर्षांची, आणि पर्जन्यमापक कुठल्या गावात होतं, हे आधी बघावं. तालुक्याच्या गावी पडलेला पाऊस पंधरा कोसांवरच्या शिवारातही पडला असेलच असं नाही. सोलापूरची ज्वारी रब्बीची, तेव्हा वर्षाच्या बेरजेपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरचे रकाने जास्त बोलतात.

इतिहासाच्या भागात राजवटी आणि दंतकथा एकाच कागदावर येतात. एखाद्या देवळाची चमत्काराची गोष्ट तिथे छापलेली असेल, तर 1884 च्या सुमारास लोक ती सांगत होते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. देवळाचं वय ठरवायचं तर शिलालेखच वाचावा लागतो.