'हव' एवढंच उत्तर पुरेल असा ईमेल

माझा भाचा नागपुरात मनीषनगरात राहतो आणि घरांच्या छतांवर सोलर पॅनेल बसवून देतो. जूनमध्ये एका रविवारी तो वैतागून आमच्याकडे आला. "मामाजी, चौदा लोकांना मेल टाकला, पंधरा दिवस झाले, एकानंही अभिप्राय लिहून नाही दिला. आणि भेटले की सगळे म्हणतात, बावा, काम मस्त केलं तू."

मेल दाखव म्हटलं. 'आपला अमूल्य अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया आमच्या सेवेबद्दलचा आपला अनुभव सुमारे २०० शब्दांत कळवावा.' खाली नऊ प्रश्नांच्या फॉर्मची लिंक. हे त्यानं कुठल्याशा व्हिडिओतून उचललं होतं. त्याच व्हिडिओत असले मेल शनिवारी सकाळी दहालाच पाठवायचे असतात असंही सांगितलेलं. माझ्या बहिणीनं त्यात राहुकाळाची भर घातली होती, त्यामुळे मेल दहाऐवजी सव्वाअकराला गेला. मला विचाराल तर दोन्ही सल्ले एकाच पंक्तीतले. चौदाही जण मेल उघडून, वाचून, 'करतो नंतर' म्हणून बाजूला ठेवत असतील, तर घड्याळाचा त्यात काय दोष?

त्या चौदापैकी तिघे भाच्याला भेटल्यावर ओशाळून "अरे हो, लिहायचं राहिलं" म्हणाले होते. यातच दुखणं कळतं. नाराज माणूस एकतर विषय टाळतो, नाहीतर तक्रार सांगतो. 'राहिलं' म्हणणाऱ्याची इच्छा असते, पण समोरचं काम त्याला जड झालेलं असतं. ते नेमकं कुठे जड होतं, हे मला आवडणाऱ्या एका जुन्या प्रयोगातून छान समजतं.

आधी एक प्रयोग स्वतःवर करा. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही काय केलं? बहुतेकांना पटकन काही सांगता येणार नाही. आता प्रश्न बदलतो. लाकडी बैल कुणाच्या हातात होता? मारबतीची मिरवणूक बघायला गेला होतात का, की टीव्हीवर पाहिली? पाऊस होता का? एकेक दार उघडल्यासारखं काहीतरी आठवायला लागलं असेल. आठवण आतच होती. पहिल्या प्रश्नात तिच्यापर्यंत जायची वाट नव्हती, एवढंच.

एंडेल टल्व्हिंग आणि झीना पर्लस्टोन या दोघांनी १९६६ साली नेमकं हेच मोजून दाखवलं. त्यांनी शाळेतल्या शेकडो मुलांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या. शब्द गटागटाने येत. आधी 'चार पायांचे प्राणी' असं गटाचं नाव, मग त्या गटातले एक-दोन किंवा चार शब्द. सर्वांत लांब यादी ४८ शब्दांची होती. नंतर अर्ध्या मुलांना कोरा कागद मिळाला, आठवतील ते शब्द लिहा. उरलेल्यांच्या कागदावर गटांची नावं छापलेली होती. लांब यादीत, गट पुष्कळ असताना, नावं मिळालेल्यांनी कोरा कागद मिळालेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट शब्द लिहिले. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. कोऱ्या कागदावर अडकलेल्या मुलांना नंतर तीच गटांची नावं दिली, तर मघाशी न आठवलेले शब्द तीही लिहायला लागली. म्हणजे शब्द डोक्यातून गेले नव्हते. टल्व्हिंग यांनी इथे दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. स्मृतीत साठा असणं वेगळं आणि त्या साठ्यापर्यंत हात पोचणं वेगळं. हात पोचायला खूण लागते, आणि खूण त्या आठवणीसोबतच आत गेलेली असेल तर ती सर्वांत चांगली चालते. पोळ्याचा लाकडी बैल त्या दिवसासोबतच आत गेलेला असतो. 'आपला अनुभव' हा शब्द कुठल्याच दिवसासोबत आत गेलेला नसतो.

आता भाच्याचा मेल पुन्हा वाचा. 'आपला अनुभव कळवावा' म्हणजे कोरा कागदच. ग्राहकाला त्यावर एकापाठोपाठ चार कामं करायची होती. काय घडलं ते आठवायचं, त्यातलं सांगण्याजोगं निवडायचं, ते वाक्यात बसवायचं, आणि लोक वाचतील तर आपण कसे दिसू याची काळजी करायची. शेवटच्या दोन कामांत शिकलेली माणसं जास्त अडकतात. त्या चौदांतले बजाजनगरातले एक निवृत्त प्राध्यापक २०० शब्द सहज लिहितील असं भाच्याला वाटलं होतं. ते तर चार वेळा खोडतील!

आणि २०० शब्द मागण्यात आणखी एक खोच आहे. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली काही लोकांना, तुम्ही ठामपणे वागलात असे सहा प्रसंग लिहा म्हटलं, काहींना बारा. बारावाल्यांनी संख्येने जास्त प्रसंग लिहिले, तरी स्वतःला कमी ठाम मानलं. सहा प्रसंग सहज सुचतात, बाराव्यापर्यंत दमछाक होते, आणि त्या दमछाकीचा माणूस असा अर्थ लावतो की 'इतकं आठवावं लागतंय म्हणजे मी तसा नसेन'. खूश ग्राहकाकडून आवडलेल्या दहा गोष्टी मागवल्या तर सहाव्या-सातव्या गोष्टीला तो अडेल, आणि 'काम तसं ठीकच होतं म्हणायचं' इथवर येईल. एकच प्रसंग मागावा, तोही घडून गेलेला.

मग मी भाच्याला विचारलं, हे प्राध्यापक कधी आपणहून काही बोलले होते का? त्यानं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. आठ जूनचा मेसेज होता: 'बिल आलं. १,३५०. मागच्या मे महिन्यात ६,२०० होतं. दोन कूलर दिवसरात्र चालू असून. मिसेसला वाटलं मीटरच बिघडलं.' अभिप्राय लिहून तयारच होता, फक्त तो छापायची परवानगी घ्यायची होती. मेल आम्ही असा केला. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'सर, मीटर बिघडल्याची गोष्ट छापू का?'

> नमस्कार सर,
>
> ८ जूनला बिल आल्यावर तुम्ही मला मेसेज केला होता. तो माहितीपत्रकात आणि वेबसाइटवर असा छापायचा विचार आहे:
>
> "मागच्या मे महिन्यात बिल ६,२०० रुपये होतं, यंदा १,३५० आलं. दोन कूलर दिवसरात्र चालू असून. मिसेसला वाटलं मीटरच बिघडलं." – निवृत्त प्राध्यापक, बजाजनगर
>
> चालत असेल तर 'हो' एवढंच उत्तर पाठवा. शब्द किंवा आकडे बदलायचे असतील, नाव घालायचं असेल, किंवा बसवल्यानंतर काही त्रास झाला असेल तर तेही लिहा, त्यासकट छापीन. नको असेल तर काहीच करू नका. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी छापणार नाही.

यात लिंक नाही, फॉर्म नाही, जोडलेली फाइल नाही. मोबाइलवर उभ्या उभ्या वाचून एका अक्षरात उत्तर देता येतं. आठवण्याचं काम तारखेनं आणि त्यांच्याच शब्दांनी केलं, निवडण्याचं आणि वाक्यात बसवण्याचं आपण केलं. 'कसे दिसू' ही काळजीही ओळ समोर दिसत असल्यानं बरीच कमी होते.

'तुमचं उत्तर आल्याशिवाय छापणार नाही' या वाक्यावर आमचा वाद झाला. भाच्याला उलट लिहायचं होतं, आठ दिवसांत कळवलं नाही तर होकार समजू. त्याचं गणित चूक नव्हतं. जे आधीच ठरलेलं असतं ते बहुतेक लोक बदलत नाहीत. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली युरोपातले देश घेऊन हे दाखवलं होतं. जिथे अवयवदानाला नकार कळवावा लागतो, तिथे नोंदीत संमती देणारे खूपच जास्त दिसतात. पण गप्प बसलेल्या माणसाचं मत त्याच्या तोंडी घालून जाहिरातीत छापायचं? २०२२ सालच्या केंद्राच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारस ही त्या माणसाचं खरं, सध्याचं मत असावी आणि स्वतःच्या अनुभवावर किंवा पुरेशा माहितीवर बेतलेली असावी. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देत असाल तर तेही सांगावं लागतं. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगवर ५०० रुपये सूट ही भाच्याची दुसरी कल्पनाही आम्ही गुंडाळून ठेवली.

खुणांनाही एक उलटी धार असते. त्या आठवण काढतात, तशा पेरतातही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. मग ५० जणांना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांच्या प्रश्नात त्या जागी 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा शब्द होता. आठवड्यानं दोघांनाही विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. साध्या शब्दवाल्यांतले ७ जण हो म्हणाले, जोरकस शब्दवाल्यांतले १६. फरक एका क्रियापदाचा.

म्हणून त्या मसुद्यात 'अत्यंत समाधानी', 'उत्कृष्ट सेवा' असलं काही टाकलं तर सर 'हो' म्हणतीलही, आणि ते त्यांचं मत नसेल. असे दहा अभिप्राय एकाखाली एक वाचले तर दहाही माणसं भाच्याच्याच आवाजात बोलत असतात. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. आणि ज्या ग्राहकानं आधी काहीच म्हटलेलं नाही, त्याला मसुदा पाठवूच नये. त्याला एकच टोकदार प्रश्न विचारावा, 'पॅनेल लागल्यानंतरचं पहिलं बिल हातात आलं तेव्हा घरात कोण काय म्हणालं?' आलेल्या उत्तरातून दोन ओळी काढून पुन्हा त्यालाच दाखवायच्या. यात एक मेल जास्त लागतो, पण शब्द त्याचेच राहतात.

चौदापैकी सहा जणांचे असे मेसेज सापडले. मेल सहाच गेले, या वेळी राहुकाळ न बघता. सहा हा आकडा काही सिद्ध करायला फार लहान आहे, त्यामुळे किती जणांनी उत्तर दिलं ते इथे सांगत नाही. प्राध्यापकांचं उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, आपल्या नागपुरी होकारासकट:

'हव. आकडे बरोबर. एक वाक्य जोडा. मे महिन्यात पॅनेलवर इतकी धूळ बसते की दर रविवारी पहाटे गच्चीवर जाऊन पाणी मारावं लागतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.'

हे छापायचं का, असं भाच्यानं मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, तूच लिहिलं होतंस ना, त्यासकट छापीन म्हणून. छापलं. आता चौकशीला येणारे लोक पहिला प्रश्न धुळीचाच विचारतात, आणि तो गच्चीवर पाण्याचा नळ आहे का ते बघून मगच कोटेशन देतो.