अराज्यवाद आणि राज्यसंस्थेची चिकित्सा

समाजव्यवहार चालण्यासाठी वरून सक्ती करणारी राज्यसंस्था लागत नाही आणि ती नसावीच, असे मानणारी राजकीय विचारसरणी म्हणजे अराज्यवाद. फ्रेंच विचारवंत पिएर-जोझेफ प्रूधाँ यांनी १८४० मध्ये स्वतःला उघडपणे अराज्यवादी म्हणवून घेतले. पुढे मिखाइल बाकुनिन आणि प्योत्र क्रोपोत्किन या रशियन विचारवंतांनी या विचाराची मांडणी विस्तारली. अराज्यवाद्यांचा विरोध नियमांना नाही. ज्यांच्यावर नियम लागू होतात त्यांच्या संमतीशिवाय ते लादण्याच्या अधिकाराला त्यांचा विरोध आहे.

राज्य हे कोणाच्याही हाती देता येईल असे तटस्थ साधन आहे, ही समजूत या चिकित्सेचे मुख्य लक्ष्य आहे. बाकुनिन आणि मार्क्स यांच्यातील वादाचा गाभा हाच होता. कामगारवर्गाने सत्ता हाती घ्यावी, वर्गभेद मिटले की राज्य आपोआप लयाला जाईल, असे मार्क्सवाद्यांचे म्हणणे होते. बाकुनिन यांचा आक्षेप असा की कामगार राज्यकर्ता झाला की तो कामगार उरत नाही. हुकूम सोडणे हेच त्याचे काम होते, आणि आपले पद टिकवण्यात त्याचा हितसंबंध तयार होतो. १८७२ च्या हेग अधिवेशनात बाकुनिन यांना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढून टाकण्यात आले. विसाव्या शतकातील एकपक्षीय राजवटी पाहता त्यांचा इशारा सहज उडवून लावता येत नाही.

राज्य करत असलेली कामे आणि त्यामागची सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, हा चिकित्सेचा दुसरा भाग. क्रोपोत्किन युरोपातील रेल्वेचे उदाहरण देत. वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधलेले मार्ग एकमेकांना जोडले गेले, गाड्यांची वेळापत्रके जुळली. त्यासाठी सगळ्या युरोपचे एक सरकार लागले नाही, परस्पर करार पुरले.

ही फारकत तपासून पाहण्यासाठी सोलापूरचा मे १९३० चा प्रसंग उपयोगी आहे. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांसह शहर उसळले. गोळीबार झाला, पोलीस चौक्या आणि न्यायालय जळाले, पोलीसही मारले गेले. त्यानंतर प्रशासनाने माघार घेतली आणि काही दिवस शहराचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिला. रस्त्यावरची रहदारीसुद्धा तेच सांभाळत. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली.

हा उठाव अराज्यवादी नव्हता. त्यामागे स्वराज्याची, म्हणजे आपल्या राज्याची मागणी होती. तरीही सरकार हटले की शहराची घडी लगेच विस्कटते, हे गृहीतक इथे खरे ठरले नाही. रहदारी वळवायला गणवेशापेक्षा लोकांचा विश्वास असलेली माणसे आणि आधीपासून बांधलेली संघटना महत्त्वाची ठरली. या दाखल्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. थोड्या दिवसांत गिरण्यांचा पगार, धान्याची आवक किंवा पाणीपुरवठ्याची दुरुस्ती यांचा कस लागत नाही. शिवाय बाहेरून सैन्य आले तेव्हा त्याला तोंड देण्याचे साधन शहराकडे नव्हते.

दीर्घकाळच्या कामासाठी अराज्यवादी संघराज्याची नव्हे, तर संघांच्या जाळ्याची रचना सुचवतात. कारखान्याची किंवा वस्तीची सभा निर्णय घेते आणि प्रतिनिधीला ठराविक आदेश देऊन वरच्या समन्वय सभेला पाठवते. आदेशाबाहेर गेल्यास त्याला परत बोलावता येते. ही रचना बहुधा सभांच्या उपस्थितीवर अडते. कामावरून दमून आलेले लोक येईनासे झाले की त्याच त्या चार जणांकडे माहिती साचते आणि परत बोलावण्याचा अधिकार कागदावरच उरतो. प्रतिनिधी वर्षानुवर्षे बदलत नाहीत आणि हिशेब सभेपुढे येत नाहीत, ही त्याची पहिली खूण. दुसरा पेच युद्धाचा. स्पेनमध्ये १९३६ साली कातालोनियात कामगार संघटनांनी ट्रामसेवा आणि अनेक कारखाने स्वतः चालवले. पण यादवी युद्धाच्या रेट्यात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अराज्यवादी संघटनेचे चार नेते मंत्री झाले. चळवळीत त्यावरून आजही मतभेद आहेत.

भारतातील सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांच्या विचारांतून उभा राहतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी ग्रामसमाजाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. जिथे विहीर, जमीन आणि बहिष्काराचे हत्यार वरच्या जातींच्या हाती आहे, तिथे वरची सत्ता काढली तर उरणारी स्थानिक सत्ताच अधिक जाचक ठरू शकते. जातीची उतरंड ही देखील सत्ताच असून ती राज्याबरोबर मोडली पाहिजे, असे अराज्यवादी उत्तर देतात. तत्त्व म्हणून ते सुसंगत आहे. मात्र पाणी भरायला गेलेल्या बहिष्कृत कुटुंबाची अडवणूक झाली तर त्या दिवशी दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शेजारच्या वस्त्यांच्या संघाने हस्तक्षेप करावा असे म्हटले, तर त्या संघाला सक्तीचा अधिकार द्यायचा की नाही, हा मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो.