अंदाजपत्रकातील जीएसटी: सह की वगळून

अंदाजपत्रकातील रक्कम जीएसटीसह लिहायची की वगळून, हे भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत, मिळते की नाही यावरून ठरते. क्रेडिट मिळत असेल तर तो कर खर्च नसतो, म्हणून ओळीत मूळ किंमतच येते. क्रेडिट मिळत नसेल तर कर खर्चाचाच भाग होतो. नोंदणी नसलेल्या तालीम मंडळासाठी प्रश्न सरळ आहे: सगळे आकडे जीएसटीसह. शिरोली एमआयडीसीतल्या नोंदणीकृत फाउंड्रीला मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासावी लागते. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर ‘सर्व रकमा जीएसटी वगळून’ असा एकच शेरा मारणे धोक्याचे आहे.

समजा, एकाच ठेकेदाराकडून नवी शेड (१०,००,००० रुपये) आणि इंडक्शन फर्नेसचा पाया (२,००,००० रुपये) करून घ्यायचा आहे. दोन्हींवर कर १८ टक्के. स्थावर बांधकामाचे क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही, त्यामुळे शेडची ओळ ११,८०,००० रुपयांची. यंत्राचा पाया मात्र यंत्रसामग्रीत धरला जातो आणि त्याचे क्रेडिट मिळते, म्हणून ती ओळ २,००,००० रुपयांचीच राहते. ठेकेदाराने दोन्ही कामांचे एकच ठोक बिल दिले तर पायाचे क्रेडिट सिद्ध करणे अवघड जाते. कोटेशन मागवतानाच दोन बाबी वेगळ्या करून घ्याव्यात.

लेबल रकमेच्या शेजारच्या रकान्यात लिहावे. शेडसमोर ‘जीएसटीसह १८%, क्रेडिट नाही’ आणि पायासमोर ‘जीएसटी वगळून, १८% क्रेडिट मिळणार’. वीजबिलासमोर ‘जीएसटी लागू नाही’ असे लिहावे. तिथे ‘वगळून’ लिहिले तर वाचणारा नसलेला कर वरून जोडतो. कंपोझिशन योजनेतल्या उद्यमनगरातील वर्कशॉपला बिलात कर लावता येत नाही. त्याची किंमत हाच पूर्ण खर्च, म्हणून तिथेही तेच लेबल चालते. नुसते ‘नेट’ लिहू नये, कारण खरेदी विभाग त्याचा अर्थ करासह घेतो आणि लेखा विभाग करावेगळा.

करासह रकमेतून मूळ किंमत काढताना १८ टक्के वजा करणे ही नेहमीची चूक आहे. ११,८०,००० मधून तसे केले तर ९,६७,६०० उरतात, म्हणजे ३२,४०० रुपये कमी. बरोबर रीत अशी:

```
मूळ किंमत = करासह रक्कम × 100 / 118
```

पायाचे ३६,००० रुपये खर्चात नसले तरी ठेकेदाराला आधी द्यावेच लागतात. क्रेडिट नंतर वापरता येते, तेही त्याने बिल आपल्या विवरणात भरून ते आपल्या GSTR-2B या क्रेडिटच्या विवरणात दिसल्यावरच. म्हणून रोख प्रवाहाच्या तक्त्यात ही ओळ २,३६,००० रुपयांची धरावी आणि तिथे ‘जीएसटीसह देय’ असे लिहावे. दोन तक्त्यांतला ३६,००० रुपयांचा हा फरक लेबल नसेल तर हिशेबातली चूक वाटतो, आणि कोणीतरी तो ‘दुरुस्त’ करून टाकतो.