कामगार संघटनेची पात्रता: परीक्षेतले गुण कुठे जातात?

औद्योगिक संबंधांच्या पेपरात नोंदणीचा प्रश्न बहुतेकांना जमतो. किमान सात सदस्यांनी अर्ज करायचा आणि आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला जो आकडा कमी असेल, तेवढे सदस्य हवेत. अर्जासोबत नियमावलीची प्रत असते, आणि ती नियमावली सदस्यांनी स्वीकारल्याचा ठरावही जोडावा लागतो. या ठरावाचा उल्लेख उत्तरात हमखास राहून जातो.

खरी घसरण पुढे होते. नोंदणी झाली म्हणजे मालकाशी वाटाघाटी करायचा हक्क मिळाला, असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. एकाहून अधिक नोंदणीकृत संघटना असतील तर औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीच एकमेव वाटाघाटी संघटना ठरते.

हे उदाहरण सोडवून बघा. हजेरीपटावर 400 कामगार आहेत. पहिल्या संघटनेला 190, दुसरीला 90 आणि तिसरीला 72 जणांचा पाठिंबा आहे. विद्यार्थी तिन्हींची बेरीज 352 करतात, त्यावर पहिलीचे 54 टक्के काढतात आणि तिला मान्यता देऊन मोकळे होतात. पण कोणत्याच संघटनेत नसलेले 48 जणही हजेरीपटावर आहेत. 400 वर हिशेब केला की पहिलीचे 47.5 टक्केच भरतात, म्हणून वाटाघाटी परिषद नेमावी लागते. तिच्यात येण्यासाठी संघटनेमागे किमान 20 टक्के, म्हणजे 80 कामगार हवेत. दुसरी संघटना बसते, तिसरी 18 टक्क्यांवर बाहेर राहते. 352 वर मोजलं असतं तर तीही आत आली असती. एकच छेद चुकला आणि दोन्ही उत्तरं गेली!

तक्रार निवारणात घोळ होतो तो बहुमताचा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे, मिळून जास्तीत जास्त दहा सदस्य असतात. समजा पाच मालकप्रतिनिधी आणि एक कामगार प्रतिनिधी एका बाजूला आले. सहा विरुद्ध चार असं बहुमत दिसतं, पण निर्णय होत नाही, कारण कामगार प्रतिनिधींपैकीही निम्म्याहून अधिक, म्हणजे इथे तिघांची संमती लागते.

तक्रार घटनेपासून वर्षभरात करायची, समितीने ती अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत निकाली काढायची. निकाल मान्य नसेल, किंवा मुदतीत लागलाच नाही, तर पुढच्या 60 दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. जुन्या गाईडांत मात्र 1947 च्या कायद्यातले 45 दिवस आणि सहा सदस्य अजून तसेच छापलेले असतात. संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, तेव्हा प्रश्नात कोणता कायदा दिलाय ते आधी वाचा.