कॅप्स लॉकच्या जागी मराठी: फर्मवेअर कंपाइल न करता की बदलायची सोय कुठून आली

फोंड्याला माझ्या मावसभावाचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिलं, सगळं मराठीत नि थोडं कोंकणीत, मधे मधे इंग्लिश. दिवसभरात तो भाषा किती वेळा बदलतो त्याची मोजदाद नाही. आणि डाव्या करंगळीच्या बाजूला, ए च्या शेजारी, एवढी मोठी कॅप्स लॉकची की नुसती बसून, जिचा मराठी टायपिंगला काहीच उपयोग नाही कारण आपल्या लिपीत मोठं अक्षर छोटं अक्षर असला प्रकारच नाही. हॉट-स्वॅपवाला, म्हणजे स्विच सोल्डर न करता काढता-घालता येणारा, पासष्ट टक्के आकाराचा कीबोर्ड घेतल्यावर त्याने मला पहिलं हेच विचारलं, "दादा, हिला मराठीची की करता येईल?" येते. क्रोममध्ये एक पान उघडून पाच मिनिटांत येते. पण काही वर्षांपूर्वी ह्याच कामाला अख्खी संध्याकाळ जायची, आणि ते का बदललं हे कळलं की व्हाया, म्हणजे की बदलायचं ते पान, काय करू शकतं नि काय नाही हेही आपोआप कळतं.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट पाहिजे. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. स्विच दाबला की आतली चिप बघते की मॅट्रिक्समधल्या कुठल्या ओळीत नि कुठल्या स्तंभात संपर्क झाला, मग आपल्या तक्त्यात त्या जागेला कुठला नंबर लिहिलाय तो उचलते आणि यूएसबीवरून तो नंबर कॉम्प्युटरला देते. त्या नंबरचं क करायचं की के करायचं हे विंडोज ठरवतं, म्हणजे तिथे इन्स्क्रिप्ट चालू आहे की इंग्लिश त्यावर. हा तक्ता म्हणजेच कीमॅप. सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: हा तक्ता चिपमध्ये ठेवायचा कुठे?

साध्या बाजारी कीबोर्डात तो कारखान्यातच पक्का केलेला असायचा, विषय संपला. हौशी लोकांनी स्वतःचे कीबोर्ड जोडायला घेतले तेव्हा त्यांना मोकळं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम, लागलं, नि २०११ च्या सुमारास जपानच्या हासू ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाने टीएमके लिहायला घेतलं. त्यातूनच पुढे जॅक हंबर्टने आपल्या प्लँक ह्या छोट्या कीबोर्डासाठी क्यूएमके काढलं, आणि आज कस्टम कीबोर्ड म्हटलं की आत बहुतेक वेळा तेच असतं. पण दोन्हीत कीमॅप हा सी भाषेतल्या प्रोग्रॅमचाच भाग, असा:

```c
const uint16_t PROGMEM keymaps[][MATRIX_ROWS][MATRIX_COLS] = {
```

त्यातला PROGMEM हा शब्द महत्त्वाचा. त्याचा अर्थ हा तक्ता चिपच्या फ्लॅशमध्ये, प्रोग्रॅमसोबतच ठेवा, चालू असताना तो बदलणार नाही. म्हणून एक की बदलायची तरी फाइल उघडा, ओळ बदला, कंपायलर चालवा, कीबोर्ड बूटलोडरमध्ये, म्हणजे नवीन प्रोग्रॅम घ्यायच्या स्थितीत, टाका, नवीन फर्मवेअर फ्लॅश करा, मग बघा नीट झालं का, नाही झालं तर परत पहिल्यापासून. पुढे क्यूएमकेने वेबवर कॉन्फिगरेटर दिला, तिथे माउसने की निवडायच्या नि कंपाइल त्यांचा सर्व्हर करतो, पण शेवटी फाइल उतरवून फ्लॅश करायची ती करायचीच. कंपायलर तुमच्या मशीनवरून दुसऱ्याच्या मशीनवर गेला एवढंच.

खरा बदल २०१७ मधला, आणि माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात सुंदर कल्पना हीच. विल्बा नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेसन विल्यम्सने डायनॅमिक कीमॅप लिहिला: तक्ता फ्लॅशमध्ये न ठेवता ईईप्रॉममध्ये ठेवायचा, म्हणजे चिपमधली ती छोटी जागा जी चालता चालता पुसून परत लिहिता येते नि वीज गेली तरी टिकते. फर्मवेअर एकदाच कंपाइल होतं, कीबोर्ड बनवणाऱ्याकडे, त्यात VIA_ENABLE = yes असं लिहून. तुम्ही नंतर जे बदलता तो प्रोग्रॅम नाहीच, ती नुसती माहिती. म्हणून कंपाइल लागत नाही.

जागा किती लागते ते बघा, म्हणजे व्हायात लेयर, म्हणजे एकाच कीबोर्डासाठी एकावर एक ठेवलेले असे तक्ते, चारच का दिसतात तेही समजेल. पाच ओळी नि पंधरा स्तंभ म्हणजे ७५ जागा, प्रत्येक कीकोड, म्हणजे तक्त्यातला तो नंबर, दोन बाइटचा म्हणून एका लेयरला १५०, आणि चार लेयरचे ६००. त्या वेळी सगळीकडे वापरली जाणारी ATmega32U4 चिप, तिचा ईईप्रॉम १०२४ बाइट. उरलेल्या चारशेच्या आसपास बाइटमध्ये थोडी सेटिंग नि मग मॅक्रो, म्हणजे एका कीवर बसवलेली अनेक कीची मालिका. आठ लेयर मागितले असते तर १२०० झाले असते, मावलेच नसते. नव्या कीबोर्डात मोठ्या चिप असतात नि ईईप्रॉमचं काम फ्लॅशचा एक तुकडा करतो, पण चारचा आकडा मुळात बसतो तो असा.

आता तक्ता बदलण्याजोगा झाला, पण बाहेरून त्याच्याशी बोलायचं कसं? त्यासाठी फर्मवेअर यूएसबीवर कीबोर्डासोबत आणखी एक दार उघडतं, रॉ एचआयडी, त्यातून ३२ बाइटची पाकिटं ये-जा करतात. सुरुवातीला व्हाया हे डाउनलोड करून चालवायचं अ‍ॅप होतं. मग मार्च २०२१ मध्ये क्रोम ८९ सोबत वेबएचआयडी आलं, म्हणजे वेबपानाला तुमच्या परवानगीने यूएसबीच्या अशा उपकरणाशी बोलता येऊ लागलं, नि २०२२ मध्ये व्हाया usevia.app वर ब्राउझरमध्ये आलं. इथे अनेकांना भीती वाटते की मग ते पान मी काय टाइप करतो ते वाचेल का. टायपिंगचं दार तरी नाही वाचत, कारण ब्राउझर कीबोर्ड नि माउसची मुख्य दारं वेबपानाला उघडूच देत नाही, पासवर्ड चोरीला जाऊ नये म्हणून. व्हायाचं दार वेगळ्या नंबरवर आहे, 0xFF60 ह्या खासगी गटात, म्हणून तेवढंच उघडतं, पण त्यातून कुठल्या जागेची की दाबलेली आहे हे मात्र पानाला विचारता येतं. फायरफॉक्स नि सफारीत वेबएचआयडी नाहीच, तिथे हे पान तुमच्या कीबोर्डाशी बोलूच शकत नाही, त्यामुळे क्रोम, एज किंवा त्या जातीचा ब्राउझर पाहिजे.

तर मावसभावाचं काम. पहिला विचार असा की कॅप्स लॉकवर विंडोज अधिक स्पेस ठेवू, त्याने भाषा बदलते. पण त्याच्या मशीनवर इंग्लिश, मराठी नि कोंकणी तिन्ही आहेत, त्यामुळे एका दाबात मराठीच येईल ह्याची खात्री नाही, यादीत पुढची जी असेल ती येते, आणि कीबोर्डाला कळतच नाही आत्ता कुठली चालू आहे, तो फक्त नंबर पाठवतो. म्हणून आधी विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये Input language hot keys उघडून मराठीला डावा आल्ट अधिक शिफ्ट अधिक १ दिलं, इंग्लिशला २, कोंकणीला ३, आणि नुसत्या आल्ट-शिफ्टने भाषा बदलायची जी सोय असते ती काढून टाकली, नाहीतर दोघांची गल्लत होते. मग usevia.app, Authorize device, यादीतून कीबोर्ड निवडला, चित्रात कॅप्स लॉकवर क्लिक, खाली Special मध्ये Any, आणि त्यात हे टाइप केलं:

```
LALT(LSFT(KC_1))
```

सेव्हचं बटण शोधू नका, ओके केलं त्या क्षणी लिहून झालं. त्या क्षणी तारेतून जे गेलं ते साधारण असं:

```
05 00 02 00 06 1E
```

पाच म्हणजे कीकोड लिही, मग शून्यावा लेयर, ओळ दोन, स्तंभ शून्य, म्हणजे कॅप्स लॉकची जागा (मोजणी शून्यापासून). शेवटचे दोन बाइट म्हणजे नवीन कीकोड: शिफ्टचा २ नि आल्टचा ४ मिळून 06, आणि 1E हा आकडा एकच्या कीचा. बाकी ३२ पर्यंत नुसती शून्यं. आधी तिथे 00 39 होतं, कॅप्स लॉक. म्हणजे अख्ख्या कीबोर्डात दोन बाइट बदलले आणि मराठीची की तयार झाली! की दाबल्यावर कॅप्सचा दिवा लागला तर समजा जुनाच कोड आहे, बहुतेक चुकीच्या लेयरवर लिहिलंत.

कीबोर्ड दुसऱ्या मशीनला लावला तर हे दोन बाइट सोबत जातात, दुकानातल्या जुन्या ऑफलाइन मशीनवरही, पण त्या मशीनवर आल्ट-शिफ्ट-१ मराठीला दिलेलं नसेल तर भाषा बदलणार नाही, ते तिथे वेगळं करावंच लागतं. तसंच व्हायातून थेट क्ष किंवा ज्ञ कीवर बसवता येत नाही, त्यासाठी लागणारा युनिकोडचा भाग फर्मवेअरमध्ये कंपाइल करतानाच घालावा लागतो.

अडतं कुठे, तर बहुतेकदा पहिल्याच पायरीला. कीबोर्ड जोडला, परवानगी दिली, नि पान कोरंच. ह्याचं कारण असं की पानाला कीबोर्डाचं चित्र माहीत पाहिजे, कुठली की कुठल्या ओळीत, आणि ते एका JSON फाइलमधून येतं. तुमच्या कीबोर्डाची फाइल व्हायाकडे नसेल तर विक्रेत्याकडून घ्यायची, सेटिंगमध्ये Show Design tab चालू करायचं नि तिथे ती लोड करायची. ह्याच कटकटीवर व्हायल नावाच्या दुसऱ्या प्रकल्पाने उपाय काढला, चित्राची माहिती कीबोर्डाच्या फर्मवेअरमध्येच ठेवायची, आणि मला ती पद्धत जास्त पटते. लिनक्सवर फाइल असूनही कनेक्ट होत नाही तेव्हा बहुतेक hidraw ची परवानगी नसते, त्यासाठी यूडेवचा एक नियम घालावा लागतो. आणि विक्रेत्याने दिलेलं नवीन फर्मवेअर टाकलंत तर ईईप्रॉममधला तक्ता मूळपदावर येतो, कारण फर्मवेअर आपली बिल्डची तारीख तिथे लिहून ठेवतं नि ती जुळली नाही की सगळं नव्याने भरतं. म्हणून आधी Save + Load मधून आपली फाइल उतरवून ठेवा.

राहिलं हॉट-स्वॅप. स्विच काढून दुसरा बसवला तर कीमॅपला काहीच होत नाही, कोड स्विचमध्ये नाही, जागेचा आहे. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट की सॉकेटच्या पत्र्याचा नि पिनचा संपर्क बिघडू शकतो, आणि लोक कीमॅप बिघडला समजून व्हायात तासन्‌तास घालवतात. फोंड्याला गेल्या पावसाळ्यात एल ची की मधेच बंद पडायची. Key Tester मध्ये Test Matrix चालू केलं, त्यात कीकोड नाही तर नुसती जागा बघतात, आणि एल दाबल्यावर तिथेही काही उजळेना. म्हणजे तक्त्याचा दोष नाहीच. पुलरने स्विच काढला तर एक पिन वाकून सॉकेटच्या बाहेर घडी पडलेली, चिमट्याने सरळ केली, सरळ खाली दाबून बसवला, नि लगेच उजळली.