कुत्र्यासाठी घड्याळ बघा, मांजरासाठी भिंती

दोन खोल्यांचा फ्लॅट, आईबाबा दोघंही नोकरीला आणि दहा वर्षांची मुलगी. तिला काहीही करून घरात एक प्राणी हवा आहे. अशा घरातली चर्चा बहुधा एकाच वळणाने जाते: कुत्र्याला जागा लागते, आपलं घर लहान, तर मांजर आणू. निर्णय बऱ्याचदा बरोबर असतो, पण कारण चुकलेलं असतं. आणि कारण चुकलं, की मांजर आणल्यावरही घरात कुरबुरी सुरू होतात. माझं म्हणणं असं, की लहान घर ही मांजराची अडचण आहे. कुत्र्याची अडचण आहे रिकामं घर.

मोठा कुत्रा घरात दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. त्याचं खरं जग बाहेर असतं, वासांचं आणि चालण्याचं. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलं तर लहान फ्लॅटमध्येही तो मजेत राहतो. आवारात मोकळा सोडलेला पण कुणी सोबत नसलेला कुत्रा त्याच्याहून दुःखी असू शकतो. कारण कुत्रा गटात राहणारा प्राणी आहे आणि माणसाचं घर हाच त्याचा गट झालेला असतो.

स्वीडनमधल्या थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना घरी कधी अर्धा तास, कधी दोन तास, तर कधी चार तास एकटं ठेवून त्यांचं चित्रण केलं होतं. एकटे असताना ते बहुतेक वेळ पडूनच होते, पण मालक परतल्यावर फरक दिसला. अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा दोन आणि चार तासांनंतरचं स्वागत कितीतरी उत्कट होतं. शेपूट जास्त हलत होती, अंग झटकणं आणि ओठ चाटणंही वाढलं होतं. म्हणजे शांत पडलेल्या कुत्र्यालाही गेलेला वेळ जाणवतो.

आता आपल्या कुटुंबाचं घड्याळ मांडू. आईबाबा साडेआठला निघतात आणि साडेसहाला परततात; मुलगी शाळेतून पाळणाघरात जाते आणि त्यांच्यासोबतच घरी येते. घर दहा तास रिकामं. पिल्लू किती वेळ लघवी धरू शकतं याचा एक ढोबळ हिशेब आहे: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. दहा तासांत ते तीन-चार वेळा घरातच लघवी करणार, आणि रोज तसंच घडलं तर हीच आपली जागा, असं शिकणार. शिवाय तीन ते साधारण बारा आठवड्यांचा काळ पिल्लाने माणसं, आवाज आणि इतर कुत्रे यांची ओळख करून घेण्याचा असतो. तो एकट्याने बंद खोलीत गेला, तर पुढे वर्षानुवर्षं भीती पुरते. म्हणून या घरात पिल्लू नको, हे मी ठामपणे सांगेन.

मोठा, दोन-तीन वर्षांचा कुत्रा आणता येईल, पण एका अटीवर: दुपारी कुणीतरी येऊन त्याला खाली नेलं पाहिजे. त्याने दहा तासांचे पाच-पाच तास होतात. तेही सोपं नाहीच, पण निभतं.

ते निभतंय की नाही, हे कसं कळणार? घरातला जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा आणि पहिला अर्धा-पाऊण तास बघा. एकटेपणाची खरी भीती बहुधा दार बंद झाल्याबरोबर सुरू होते. कुत्रा दारापाशी फेऱ्या मारतो, धापा टाकतो, लाळ गळते, चौकट ओरबाडतो, केकाटतो, आणि आवडीचा खाऊ समोर असूनही तोंड लावत नाही. कंटाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. तो आधी निवांत झोपतो आणि दोन-तीन तासांनी उठून चपलेचा फडशा पाडतो. कंटाळ्याला जास्त फिरणं आणि चावायला काही देणं पुरतं. भीतीला ते पुरत नाही. तिथे एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी लागते आणि पशुवैद्यांची मदत लागते.

संध्याकाळी फाटलेली उशी बघून रागावण्यात मात्र काही अर्थ नाही. कान पाडून, नजर चुकवून उभा असलेला कुत्रा आपल्याला अपराधी वाटतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हे तपासलं, तेव्हा तो चेहरा कुत्र्याने खरंच काही केलं होतं का यावर ठरत नव्हता. मालक रागावतो का, यावर ठरत होता.

मांजराकडे वळू. त्याचा पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. दहा तास कुणी नाही, हे मांजराला कुत्र्याइतकं जड जात नाही. पण त्याला कुणाचीच गरज नसते, हेही खरं नाही. रेन आणि कीलिंग या स्वीडिश संशोधकांचा सहभाग असलेल्या 2017 मधल्या दुसऱ्या प्रयोगात चार तासांनी माणूस परतल्यावर मांजरं अर्ध्या तासानंतरच्या तुलनेत जास्त घुरघुरली आणि त्यांनी जास्त आळोखेपिळोखे दिले.

घरात ठेवलेल्या मांजराला मात्र बाहेर फिरायला जाणं नसतं. फ्लॅट हाच त्याचा सगळा मुलूख. म्हणून जमिनीचे चौरस फूट मोजण्यापेक्षा भिंती बघा. खिडकीजवळ एक रुंद फळी, कपाटाच्या माथ्यावर मोकळी केलेली जागा, दोन्हींना जोडणारी मधली पायरी, एवढ्याने त्याच खोलीत त्याला दुसरा मजला मिळतो. वरून सगळं दिसतं आणि नको तेव्हा मुलीच्या हातात सापडायचं नाही, ही सोय त्याला हवीच असते. खिडक्यांना आणि बाल्कनीला मात्र आधी घट्ट जाळी लावा. मांजर पडत नाही हा गैरसमज आहे. पाखरावर नजर खिळली की कठड्यावरून पाय सुटतो.

शी-शूसाठीचा वाळूचा ट्रे, म्हणजे लिटर बॉक्स, मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, जेवणाच्या वाटीपासून लांब हवा आणि रोज साफ व्हायला हवा. लहान घरात तो हटकून वॉशिंग मशीनशेजारी जातो. मशीन अचानक घरघरलं की मांजर तिथे जायचं टाळतं आणि गादी ओली करतं. घरच्यांना तो खोडसाळपणा वाटतो, पण मूळ बॉक्सच्या जागेत असतं.

ताण वाढला की तो मांजराच्या मूत्राशयातही उतरतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं, की जेवणाच्या वेळा आणि सांभाळणारी माणसं अचानक बदलली, तर धडधाकट मांजरंही कमी खातात, ओकतात, बॉक्सबाहेर शी-शू करतात. बोक्यांच्या बाबतीत एक चिन्ह घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तो पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जातो, वाकून कुंथतो, बाहेर येऊन खालची जागा चाटतो, आणि बॉक्समधली वाळू जवळपास कोरडीच राहते. घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं. प्रत्यक्षात त्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत जीव जातो. सकाळी हे दिसलं तर ऑफिसला न जाता थेट पशुवैद्यांकडे जावं लागतं.

या कुटुंबाला मी दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं, शांत स्वभावाचं मांजर सुचवेन. एकटं लहान पिल्लू सुचवणार नाही. दहा तास खेळायला कुणी नसलं, की त्याचे दात संध्याकाळी मुलीच्या हातावर उतरतात. पिल्लंच हवी असतील, तर एकाच वेताची दोन आणावीत. मांजर घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्यावी. आईबाबांनी शक्य तर दोघांनी मिळून आठवडाभर सुट्टी काढावी, पण त्या आठवड्यातही जेवणाच्या वेळा पुढे कायम राहतील त्याच ठेवाव्यात: सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला. मुलीने जमिनीवर बसून, त्याच्याकडे न बघता, आपला अभ्यास करावा. दोन दिवसांनी म्हणा किंवा दहा, ते पलंगाखालून निघून वहीवर येऊन बसेल.