पालीची विष्ठा, ओलं फडकं आणि बोर्डातली वीज

ट्यूबलाइटखालचा स्विचबोर्ड घरातल्या इतर बोर्डांपेक्षा लवकर घाण होतो. उजेडाला किडे येतात, किड्यांच्या मागे पाल येते आणि पोट भरलं की तिथेच भिंतीवर नाहीतर बोर्डाच्या कडेवर विष्ठा टाकते. दिवाळीच्या साफसफाईत बहुतेक घरांत बोर्डाची बटणं बंद करतात, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवतात आणि भिंत नि बोर्ड एकाच हाताने पुसून काढतात. यातलं भिंत पुसणं ठीक आहे. बोर्ड असा पुसणं जिवावर बेतू शकतं.

आधी ती विष्ठा नीट पाहा. काळपट लेंडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका. काळा भाग म्हणजे किड्यांच्या पंखांचे, पायांचे न पचलेले तुकडे. पांढरा भाग म्हणजे पालीची घट्ट झालेली लघवी. आपलं शरीर नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात, भरपूर पाण्यात विरघळवून बाहेर टाकतं. पालीला एवढं पाणी खर्चणं परवडत नाही, म्हणून ती त्याचं युरिक आम्ल बनवते. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम साठेक मिलिग्रॅम. म्हणूनच नुसतं ओलं फडकं फिरवलं की डाग जात नाही, फक्त पांढरा फराटा पसरतो.

भिंतीवर उपाय सोपा आहे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, त्यामुळे सुकी लेंडी झाडूने झाडू नका, तिची धूळ उडते. हातमोजे घालून तिच्यावर ओल्या टिश्यूची घडी पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा आणि मऊ झालेली लेंडी त्याच घडीत उचलून कचऱ्यात टाका. उरलेल्या पांढऱ्या डागासाठी पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि साबणाचे दोन थेंब घ्या. अल्कधर्मी पाण्यात युरिक आम्ल साध्या पाण्यापेक्षा बरं सुटतं. ऑइलपेंट असेल तर थोडं घासलं तरी चालतं. डिस्टेंपर असेल तर फक्त टिपा, नाहीतर डागाबरोबर रंगही निघेल. शेवटी हात साबणाने धुवा.

हेच सोड्याचं पाणी बोर्डापाशी न्यायचं नाही. नळाच्या पाण्यातूनही वीज वाहते, कारण त्यात क्षार विरघळलेले असतात. सोडा घातला की ते पाणी विजेला आणखी मोकळी वाट देतं. स्प्रे मारला की थेंब बटणाच्या फटीत ओघळतात आणि आतल्या पितळी स्क्रूपर्यंत पोचतात.

बटण बंद असलं तरी त्यातल्या एका स्क्रूवर वीज असतेच. बटण फक्त पुढे जाणारी वाट तोडतं. मुख्य पेटीकडून येणारी फेजची तार बटणाच्या अलीकडच्या टोकाला जोडलेली असते आणि तिच्यावर 230 व्होल्ट तसेच असतात. पंखा थांबला, दिवा विझला, तरी बोर्डाचं पोट जिवंत असतं.

कोरड्या त्वचेचा विरोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्याही घरात. हात ओला झाला की तो कोसळतो. ढोबळ हिशेबासाठी ओल्या शरीराचा विरोध 1000 ओहम धरतात. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपियर, अर्थात 230 मिलिअँपियर. दहाएक मिलिअँपियरलाच स्नायू आखडून पकडलेली वस्तू सुटेनाशी होते, आणि 230 मिलिअँपियर छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. दिव्यांच्या लाइनवरचा 6 अँपियरचा एमसीबी मात्र एवढ्याने हलणारही नाही. तो वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून जमिनीकडे गळू लागली की लाइन तोडणारा खटका. तुमच्या पेटीत तो असेल तर सफाईला लागण्याआधी, वीज चालू असतानाच त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबून पाहा. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवा. पण त्याच्या भरवशावर वीज चालू ठेवून पुसू नका. एका बोटाने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला गेला, तर त्याला गळती दिसतच नाही.

आता हॉलमधला एक नेहमीचा बोर्ड घेऊ : ट्यूब, पंखा आणि एक प्लग. घरात इन्व्हर्टर आहे. तुम्ही मेन स्विच पाडता, आणि क्षणभराने पंखा पुन्हा फिरू लागतो. बोर्ड आता इन्व्हर्टरवर चालतोय, आणि इन्व्हर्टरचा झटकाही तितकाच घातक असतो. शिवाय अनेक घरांत दिवा-पंखा इन्व्हर्टरवर आणि त्याच बोर्डातला प्लग थेट मेनवर असतो, म्हणजे एका बोर्डात दोन वाटांनी वीज येते. म्हणून ट्यूब आणि पंखा चालू ठेवा, प्लगला टेबललॅम्प लावून पेटवा, मग मेन पाडा आणि इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करा. तिन्ही गोष्टी बंद पडल्या आणि बंदच राहिल्या, तरच पुढे जा. पेटीपाशी घरातल्या कुणाचा हात जाणार नाही हेही बघा. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे पालीच्या घाणीसाठी ठीक आहेत, विजेसाठी ते बनवलेलेच नसतात.

लॅम्प काढून ठेवा आणि बोर्डावर कामाला लागा. कडेवरची सुकी लेंडी जुन्या एटीएम कार्डाने हलकेच खरवडून कागदावर घ्या. बटणांच्या फटीतली धूळ रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने खालच्या दिशेने काढा. मग साबणाच्या फिक्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा. दाबल्यावर त्यातून थेंब पडत असेल तर ते अजून ओलंच आहे. प्लगच्या भोकांत इअरबड घालू नका. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. अनेक प्लगांत तिथे लांब पिन शिरली की खालच्या दोन भोकांवरची आतली झाकणं सरकतात. म्हणजे तिथे काही खुपसलं की कंपनीने दिलेलं संरक्षण आपणच उघडतो. थिनर, अ‍ॅसिटोन किंवा अमोनियाचे क्लीनरही नकोत, त्यांनी मॉड्युलर बटणांच्या पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. शेवटी सुक्या कापडाने पुसा आणि अर्धा-पाऊण तास पंख्याविना वाळू द्या. पावसाळ्यात किंवा किनाऱ्यालगतच्या दमट हवेत जास्त वेळ लागतो.

पुसताना एक डाग हटत नसेल तर घासत बसू नका. गीझरच्या किंवा इस्त्रीच्या 16 अँपियरच्या प्लगभोवतीचा तपकिरी, करपट डाग ही बहुतेक वेळा घाण नसतेच. आतला स्क्रू सैल झाला की तिथे विरोध वाढतो, जोड तापतो आणि प्लास्टिक भाजून निघतं. गीझर दहा मिनिटं चालवल्यावर प्लगची पट्टी बाहेरून गरम लागते, कधी जळकट, माशासारखा वास येतो, कधी बारीक चरचर ऐकू येते. असा प्लग पुसून चकचकीत केला तर वायरमनने पाहायची खूणच पुसली जाते. तो तसाच बंद ठेवा आणि बदलून घ्या.

बोर्डाच्या कडेला, भिंतीच्या फटीशी लेंड्या सारख्या सापडत असतील तर पाल आत राहत असण्याची शक्यता मोठी. बोर्डामागची ऊबदार, अंधारी पोकळी तिला अंडी घालायला आवडते. साधारण दोन पांढरी, कडक कवचाची. आत तिचं अंग दोन टोकांना एकदम लागलं की पाल मरते आणि ठिणगी पडते. पट्टी स्वतः उघडू नका. वायरमन आला की आतली कवचं आणि लेंड्या काढायला सांगा, रिकाम्या बटणाच्या जागी बंद पट्टी बसवून घ्या आणि बोर्डाची पेटी नि भिंत यांमधली फट पुट्टीने भरून घ्या.